पाऊस थांबल्यावर डेंगू का वाढतो आणि थंडी पडली की घरोघरी खोकला का सुरू होतो

मी मिरजेत एका लॅबमध्ये काम करतो, रक्त घेणं आणि तपासणं हेच रोजचं. दरवर्षी एक गोष्ट ठरल्यासारखी होते. जुलैत धो धो पाऊस असताना डेंगूच्या टेस्टला येणारे थोडेच असतात, आणि पाऊस ओसरून ऊन पडायला लागलं, गणपती येऊन गेले, की एकदम रांग लागते. परवा गल्लीतल्या काकू मुलाला घेऊन आल्या, रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि त्या माझ्यावरच चिडल्या, "अरे पाऊस तर थांबलाय की, आता कुठनं आला डेंगू?" प्रश्न अगदी बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत तसाच दुसरा प्रश्न येतो, की थंडी तर तब्येतीला चांगली म्हणतात मग घरात सगळेच का खोकतायत. दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे म्हणून एकत्रच लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय कारण व्हॉट्सॅपवर याच्याबद्दल जे फिरतं त्यातलं अर्धं चुकीचं असतं.

विषाणूला एका माणसातून दुसऱ्यात जायचं असतं, आणि ऋतू आडवा येतो तो तिथेच

विषाणू म्हणजे व्हायरस. तो स्वतः चालत नाही, उडत नाही, आणि शरीराबाहेर त्याची वाढही होत नाही. माणसाच्या अंगात असताना त्याला बाहेर ऊन आहे का पाऊस याचा फारसा फरक पडत नाही, कारण आत बाराही महिने ३७ अंशच असतात. ऋतू त्याला भेटतो तो या माणसातून त्या माणसात जाताना, म्हणजे फक्त प्रवासात. म्हणून कुठलाही साथीचा ताप समजून घ्यायचा तर पहिला प्रश्न हाच, की हा प्रवास कशातून करतो आणि त्याला किती वेळ लागतो.

फ्लूचा विषाणू खोकल्याच्या, शिंकेच्या, अगदी बोलताना उडणाऱ्या बारीक थेंबातून जातो. प्रवास काही सेकंदांचा, फार तर काही तासांचा. डेंगूचा विषाणू डासाच्या पोटातून जातो आणि तो प्रवास दिवसांचा, कधी आठवड्यांचा असतो. एकाचं वाहन म्हणजे थेंब, दुसऱ्याचं डास, आणि थेंबाला जी हवा मानवते ती डासाला मानवत नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी थंडीचा थेंब

कृष्णाकाठी डिसेंबरात पहाटे धुकं असतं, गाडीच्या सीटवर दव असतं, त्यामुळे लोकांना वाटतं थंडीत हवा ओली असते. पण हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे ते बघितलं तर उलटं दिसतं. थंड हवेत वाफ मावतच कमी. १२ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण साडेदहा ग्रॅम पाण्याची वाफ राहू शकते, ३० अंशाला मात्र ३० ग्रॅम. आता समजा पहाटे १२ अंश आहे आणि हवा ८० टक्के भरलेली आहे, म्हणजे वाफ झाली साडेआठ ग्रॅम. दुपारी तीच हवा तापून ३० अंशाला आली, वाफ तेवढीच, पण आता ३० ग्रॅमची जागा झाली, म्हणजे हवा २८ टक्केच भरलेली उरली. म्हणूनच दुपारी ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. पावसाळ्यात २५ अंशाला ८५ टक्के म्हटलं तर वाफ होते साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, थंडीच्या दुपटीपेक्षा जास्त.

या कोरड्या हवेत तुम्ही खोकलात की थेंबातलं पाणी पटकन उडून जातं आणि थेंब हलका होतो. जड थेंब हात-दोन हातांवर जमिनीवर पडला असता, हलका झालेला कण मात्र खोलीत बराच वेळ तरंगत राहतो. वारा असलेल्या दिवशी मळणीत दाणे खाली पडतात आणि कोंडा लांब जातो, अगदी तसंच.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. थेंबात पाण्याबरोबर मीठ आणि प्रथिनं असतात. पाणी उडायला लागलं की मीठ दाट होतं, आणि दाट मिठाच्या पाण्यात विषाणू टिकत नाही, लोणच्याच्या खारात जंतू वाढत नाहीत तसं. पण हवा फारच कोरडी असली तर पाणी इतक्या पटकन उडतं की मिठाचे खडेच होतात, खार राहतच नाही, आणि विषाणू कोरड्या अवस्थेत तगून राहतो. प्रयोगशाळेत फ्लूच्या विषाणूवर हे बघितलेलं आहे. खूप कोरड्या हवेत तो टिकतो, मध्यम दमट हवेत लवकर मरतो, आणि हवा जवळजवळ पूर्ण भिजलेली असली की पुन्हा बऱ्यापैकी टिकतो, कारण तेव्हा थेंब वाळतच नाही. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००७ साली न्यूयॉर्कमध्ये गिनी पिगवर एक प्रयोग झाला. आजारी प्राणी एका पिंजऱ्यात, निरोगी शेजारच्या पिंजऱ्यात, मधे फक्त हवा. २० अंश तापमानात हवा २० टक्के दमट असताना फ्लू सहज पसरला, ८० टक्क्यांना पसरला नाही. तापमान ५ अंशावर आणल्यावर तो अजून सोपा झाला आणि ३० अंशाला हवेतून पसरणं थांबलं. प्राणी तेच आणि विषाणू तोच होता, बदलली होती फक्त हवा.

त्यात आपलं नाक. नाकात आणि श्वासनळीत एक चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली बारीक केसांसारखे तंतू, ते तो थर सतत घशाकडे ढकलत असतात, धूळ-जंतू अडकले की बाहेर. कोरडी थंड हवा आत गेली की थर सुकतो आणि तंतू मंदावतात. झाडू मारणारा माणूसच सुट्टीवर गेल्यासारखं होतं.

मग भिजल्याने किंवा थंड खाल्ल्याने सर्दी होते हे खोटं का?

विषाणू नसेल तर नुसतं भिजून फ्लू होत नाही, तो येतो दुसऱ्या माणसाकडूनच. पण आजीचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, कारण थंड झालेल्या नाकात विषाणूशी लढायची ताकद कमी होते. म्हणजे थंडी दार किलकिलं करते, आत शिरायला चोर लागतोच.

आणि तो चोर कुठे असतो? गर्दीत. हे मला वाटतं हवेइतकंच महत्त्वाचं आहे. १० बाय १२ ची खोली घ्या, त्यात पाचजण झोपलेत. उन्हाळ्यात आपण खिडक्या, दार, गॅलरी सताड उघडी टाकून झोपतो, नाहीतर सरळ गच्चीवर जातो. डिसेंबरात त्याच खोलीच्या खिडक्या बंद, फटीत कापड कोंबलेलं, वर पंखाही बंद. एकानं रात्रभर खोकायचं आणि बाकी चौघांनी आठ तास तीच हवा श्वासात घ्यायची. शाळेच्या वर्गात तेच, बंद काचांच्या एसटीत तेच. लग्नसराई पण याच दिवसांत असते आणि मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तेच.

फ्लूची लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांत माणूस आजारी पडतो आणि पुढच्याला देतो, म्हणजे एका माणसातून दुसऱ्यात जायला एकूण तीनेक दिवस. म्हणून सोमवारी वर्गात एक मूल खोकत असतं आणि पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग रिकामा.

"पण स्वाइन फ्लू तर पावसाळ्यात आला होता!"

बरोबर, आणि हा आक्षेप मला फार आवडतो कारण इथेच परदेशातली माहिती जशीच्या तशी आपल्याकडे लावली की गडबड होते. २००९ साली ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद, मास्क, सगळं झालं होतं, ते ज्यांनी बघितलं त्यांना थंडीची गोष्ट पटणारच नाही. युरोप-अमेरिकेत फ्लूचा मोसम एकच, हिवाळा. श्रीनगरमध्येही हिवाळाच. आपल्या महाराष्ट्रात मात्र फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या सुमाराला.

आता ती तिसरी गोष्ट आठवा. फार कोरडी हवा विषाणूला चालते, फार ओलीही चालते, मधली चालत नाही. आपल्याकडे जानेवारीतली दुपार कोरडी आणि जुलैतला दिवस पूर्ण भिजलेला, म्हणून दोन्ही टोकं सापडतात. हे पूर्ण उत्तर मात्र नाही. माणसाच्या श्वासनळीतला खरा चिकट द्रव वापरून केलेल्या एका प्रयोगात विषाणू सगळ्याच प्रकारच्या दमट हवेत तगून राहिलेला दिसला. त्यामुळे पावसाळ्यातल्या फ्लूचं मोठं कारण मला तरी बंद खोलीच वाटतं. झड लागली की दारं-खिडक्या लावून सगळं घर आत, मुलं दिवसभर कोंडलेली, वर्गाच्या खिडक्या पाऊस आत येतो म्हणून बंद. थंडीत जे थंडीमुळे होतं ते जुलैत पावसामुळे होतं. म्हणूनच आपल्याकडे फ्लूची लस घ्यायची तर पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्यायला सांगतात, परदेशासारखी ऑक्टोबरची वाट बघत नाहीत.

आता डेंगूचा डास, आणि हिशेब तारखांचा

डेंगू पसरवणारा डास म्हणजे एडिस, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी. चावते ती फक्त मादी. तिला गटार नको, तिला घरातलं साठलेलं साधं पाणी हवं. बॅरल, सिमेंटचा हौद, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेलं टायर, करवंटी. ती अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ही अंडी सुकली तरी मरत नाहीत, महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात.

आता काकूंच्या गल्लीचा हिशेब मांडू. तारखा मी धरलेल्या आहेत, पण टप्पे खरे आहेत.

१ ऑगस्टला जोराचा पाऊस झाला आणि गच्चीवरच्या टायरात पाणी साठलं. आत चिकटलेली जुनी अंडी फुटली, अळ्या झाल्या, मग कोष, आणि ११ ऑगस्टच्या आसपास डास उडाले. १४ तारखेला त्यातली एक मादी पुण्याहून ताप घेऊन आलेल्या एका मुलाला चावली आणि विषाणू तिच्या पोटात गेला. पण ती लगेच दुसऱ्याला डेंगू देऊ शकत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. विषाणू तिच्या पोटातून अंगभर वाढत तिच्या लाळेपर्यंत पोचायला हवा, आणि आपल्याकडच्या ऑगस्टच्या हवेत याला बारा-एक दिवस लागतात. म्हणजे २६ ऑगस्ट. त्या दिवशी ती काकूंच्या मुलाला चावली. माणसात ताप यायला अजून चार ते दहा दिवस, समजा सहा. १ सप्टेंबरला मुलगा तापला.

म्हणजे पाऊस पडला १ ऑगस्टला आणि पेशंट लॅबमध्ये आला महिन्यानं. तेव्हा बाहेर लख्ख ऊन आणि गल्लीत गणपतीचा मांडव. आता त्या मुलाला दुसरे डास चावले, की पुन्हा बारा दिवस अधिक सहा दिवस, म्हणजे तीनेक आठवड्यांनी पुढची तुकडी. पहिल्या फेरीत एक, दुसऱ्या फेरीत चार-पाच, आणि तिसरी फेरी येईपर्यंत दसरा. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, आपण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जो डेंगू बघतो तो ऑगस्टच्या पाण्याचा असतो.

मग उन्हाळ्यात आणि थंडीत का नाही?

डास तर बारा महिने दिसतात, अडतं ते त्याच्या आयुष्यावर. विषाणू लाळेत पोचेपर्यंत मादी जगायला हवी, आणि ती जगते दोन ते चार आठवडे. समजा चांगल्या हवेत रोज दहातला एक डास मरतो. ३० अंशाला विषाणू साधारण आठवड्यात तयार होतो, तोपर्यंत शंभरातले ४८ डास जिवंत असतात. २५ अंशाला दोन आठवडे लागतात, तोपर्यंत २३ उरतात. थंडीत २० अंशाला साडेतीन आठवडे धरले तर सात-आठच उरतात, वर अळ्यांची वाढही संथ. म्हणून डिसेंबरात डेंगू विझत जातो.

मग एप्रिल-मे सगळ्यात वाईट हवेत ना, गरमी सगळ्यात जास्त? नाही, कारण ४० अंशाच्या कोरड्या उन्हात डासच सुकून मरतो. रोज चारातला एक मेला असं धरलं तर आठवड्यानं शंभरातले १३ उरतात. पावसाळ्याचं खरं काम नुसतं डबकं भरणं नाही, हवा ओली ठेवून डासाला म्हातारा होऊ देणं हे आहे. डेंगू पसरवतो तो म्हातारा डास, तरुण नाही. मलेरियाचंही असंच, फक्त तिथे डास वेगळा आणि परजीवी डासाच्या पोटात वाढावा लागतो, १६ अंशाच्या खाली तर त्याची वाढ थांबते.

"आटपाडी-जतला पाऊसच नाही, तिथे डेंगू कसा होतो मग?"

पाऊस जास्त तिथे डेंगू जास्त असं सरळ गणित नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सततच्या मुसळधार पावसात भांडी वाहून जातात, अळ्या बाहेर फेकल्या जातात आणि हवाही गार. उलट आटपाडीकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्याही आत, पण नळाला पाणी चार-आठ दिवसांनी, त्यामुळे प्रत्येक घरात दोन-तीन बॅरल कायम भरलेले. दुष्काळी भागात डासाला पाऊस लागतच नाही, आपण त्याच्यासाठी पाणी साठवून ठेवलेलं असतं. ही बाईमाणसांची चूक म्हणून आरोग्यवाले कधीकधी बोलतात ते मला पटत नाही, रोज पाणी येत असतं तर कोण कशाला बॅरल भरून ठेवेल.

महापुराचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा वाहत्या पाण्यात डासाची पैदास होत नव्हती. भीती असते ती पाणी ओसरल्यावर, घरोघरचं भिजलेलं सामान, डबे, टायर रस्त्यावर येऊन पडतात आणि प्रत्येकात थोडं थोडं पाणी राहतं तेव्हा.

"धूर फवारला की झालं ना?"

फॉगिंगनं त्या क्षणी उडत असलेले डास मरतात, तेही धूर पोचला तर, आणि एडिस तर घरात पलंगाखाली, कपड्यांच्या मागे बसलेला असतो. अंडी आणि अळ्यांना धुराचं काहीच होत नाही, पुढच्या आठवड्यात नवे डास हजर. गल्लीत पेशंट सापडल्यावर धुराचा थोडा उपयोग आहे, कारण विषाणू असलेले म्हातारे डास तेवढे कमी होतात. तसंच गटार साफ करा म्हणून मोर्चा काढणं चांगलंच आहे, पण गटारातला डास बहुतेक क्युलेक्स, डेंगूचा नाही. एडिस जन्मभरात फार लांब जातही नाही, शे-दोनशे मीटर फार झाले. तुम्हाला चावलेला डास बहुतेक तुमच्या किंवा शेजारच्या घरातच जन्मलेला असतो.

ताप आलाच तर

नाक गळतंय, घसा खवखवतोय, खोकला आहे, तर कल फ्लूकडे. एकदम जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, आणि सर्दी-खोकला जवळजवळ नाही, तर कल डेंगूकडे. पण नुसत्या लक्षणांवर खात्री होत नाही. एनएस-वन ही टेस्ट पहिल्या पाच दिवसांतच उपयोगी. सहाव्या-सातव्या दिवशी येऊन ती निगेटिव्ह आली म्हणून लोक निर्धास्त होतात, तेव्हा आयजीएम बघायची असते. डेंगूची शंका असेल तर ताप उतरायला पॅरासिटामॉलच, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट, डेंगूत धोका ताप असताना कमी आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरल्यावर जास्त. ताप गेला पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त येतंय, माणूस एकदम गळून गेलाय, तर दवाखान्यात लगेच, सकाळची वाट बघायची नाही.

कोरडा दिवस आठवड्यालाच का

आशाताई सांगतात की आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा. तो आठवडा उगाच ठरवलेला नाही. अंडं फुटून डास उडायला कमीत कमी सात-आठ दिवस लागतात, त्याच्या आत पाणी ओतलं तर अळ्या जमिनीवर पडून मरतात. पंधरा दिवसांनी केलं तर मधल्या काळात एक तुकडी उडून गेलेली असते. जो हौद रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडायचे, नाहीतर झाकण घट्ट बसेल असं बघायचं. नुसतं पोतं टाकून भागत नाही, भोकातून मादी आत जाते.

काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तर दर आठवड्याला बॅरल ओतते रे बाळा." खरंच ओततात. मी जाऊन बघितलं, बॅरल पालथं, कोरडं ठक्क. पण आतून बोट फिरवलं तर जुन्या पाण्याच्या रेषेच्या वर काळपट बारीक खरखर लागली, खसखशीपेक्षा बारीक. पाणी ओतल्यानं ती जात नाही, वाळवल्यानंही मरत नाही. नारळाच्या काथ्यानं किंवा ब्रशनं ती रेष जोर लावून घासावी लागते, आणि घासलेलं पाणी गटारात नाही तर तापलेल्या कोरड्या मातीवर टाकायचं. आम्ही दोघांनी मिळून त्यांचे तिन्ही बॅरल घासले. मे महिन्यात परत एकदा घासणार आहोत, जूनचं पहिलं पाणी भरायच्या आधी.